वळण मांडीत, बूट पायात

मूल पाय आत टाकत चालतंय असं वाटलं, तर एक पाहणी घरीच करता येते. मुलाला अर्धी चड्डी घालून, अनवाणी, गॅलरीच्या एका टोकाला उभं करा आणि आपल्याकडे चालत यायला सांगा. त्याच्या पावलांकडे बघू नका, गुडघ्याच्या वाट्यांकडे बघा. दोन्ही वाट्या एकमेकींकडे तोंड करून येत असतील, तर पाय आत वळण्याचं कारण गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात आहे. वाट्या सरळ समोर आणि पावलं तेवढी आत असतील, तर कारण गुडघ्याखाली, म्हणजे नडगीत किंवा खुद्द पावलात. मग मुलाला पालथं झोपवून गुडघे काटकोनात दुमडायचे आणि वरून तळवे बघायचे. तळव्याची करंगळीकडची कड सरळ असेल तर पाऊल निर्दोष आहे. ती मध्येच बाहेर फुगून पुढे आत वळत असेल, तर वाक चवड्यात आहे.

पण एवढं बघण्याआधीच बऱ्याच घरांत बूट आलेले असतात. कुणी शेजारीण ‘आत्ताच लक्ष द्या, मोठेपणी हाडं घट्ट होतात’ असं सांगून जाते, दुकानात ‘मेडिकल शूज’ नावाचा प्रकार मिळतो, आणि काही हजार रुपये मोजून एका बाजूने उंच केलेले, टाचेशी कडक असलेले जड बूट मुलाच्या पायात चढतात. हे बूट नेमकं काय करतात हे समजायचं, तर आधी हाडाचं बघावं लागतं.

चवड्यातला वाक बहुधा जन्मापासूनचा असतो. गर्भात घडी होऊन बसल्यामुळे बाळाच्या पावलाचा पुढचा भाग आत वळलेला राहतो. बाळाची टाच एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने चवडा हळूच बाहेर ढकलला आणि तो सरळ रेषेपर्यंत आला, तर काळजीचं कारण नाही. अशा दहा बाळांतल्या साधारण नऊ जणांचं पाऊल उपचारांवाचून सरळ होतं. चवडा सरळ येतच नसेल, कडक लागत असेल, तर मात्र पहिल्या काही महिन्यांतच हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण प्लास्टर घालून तो सरळ करण्याचा तो काळ असतो. एके काळी अशा बाळांना डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या पायात घालायला सांगत. आता ते मागे पडलं आहे.

मूल चालू लागलं की वाक नडगीत सापडतो. वर्ष-दीड वर्षाचं पोर पाय आत टाकत धडपडत असेल, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. जन्मतः नडगीचं हाड आतल्या अंगाला पिळलेलं असतं आणि वाढीबरोबर ते बाहेर फिरत जातं. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांचं काम आपोआप उरकतं.

तिसरी जागा मांडीच्या हाडाची, आणि गोंधळ सगळ्यांत जास्त इथेच होतो, कारण तीन-चार वर्षांचं मूल ‘आधी ठीक चालायचं, आता आत टाकायला लागलं’ असं आईवडिलांना वाटतं. पिळलेल्या टॉवेलची दोन टोकं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, तसं मांडीच्या हाडाचं आहे. खुब्याच्या सांध्यात बसणारं वरचं टोक गुडघ्याकडच्या टोकाच्या तुलनेत पुढे वळलेलं असतं. हा पीळ नवजात बाळात साधारण 40 अंश असतो आणि मोठ्या माणसात 15 अंशांच्या आसपास येतो. ज्या मुलांत तो सावकाश उलगडतो, त्यांचा अख्खा पाय खुब्यापासून आत फिरलेला राहतो. मुलींमध्ये हे जास्त दिसतं.

आपल्याकडे या मुलांना ओळखण्याची एक खूण जेवणाच्या पंगतीत मिळते. त्यांना मांडी घालून बसणं जमत नाही. बसवलं तर गुडघे वर तरंगत राहतात, पाठ मागे जाते, आणि दोन मिनिटांत मूल पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून, इंग्रजी डब्ल्यूसारखं बसतं. घरचे म्हणतात, अशा बसण्यानेच पाय वाकले. खरं म्हणजे क्रम उलटा आहे. खुबा आत जास्त आणि बाहेर कमी फिरतो म्हणून तसं बसणं सोयीचं पडतं, आणि मांडी घालायला खुबा बाहेर फिरावा लागतो म्हणून ती जड जाते. ‘सरळ बस’ म्हणून दिवसभर मुलाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

डॉक्टर हे नुसत्या नजरेने ठरवत नाहीत, मोजतात. अमेरिकेतले बालअस्थिरोगतज्ज्ञ लिन स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली वयानुसार पाय किती फिरतो याची मापं प्रसिद्ध केली. तपासणीची ती पद्धत आजही वापरात आहे. समजा, पाच वर्षांची एक मुलगी आली आहे. शाळेत पळताना अडखळते आणि बाई तक्रार करतात, एवढंच आईचं म्हणणं. आधी तिला चालवून बघतात. चालण्याच्या रेषेपासून दोन्ही पावलं साधारण 12 अंश आत वळतात आणि गुडघ्याच्या वाट्याही आत. मग तिला टेबलावर पालथं झोपवून गुडघे काटकोनात दुमडतात आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना पडू देतात. पोटऱ्या बाहेर पडतात तेव्हा मांडी आत फिरत असते, हे आधी उलटं वाटतं. मांडी आतल्या बाजूला 75 अंशांपर्यंत जाते. या वयाच्या मुलीत साधारण 70 पर्यंतचं माप नेहमीच्या मर्यादेत धरतात. मग पोटऱ्या एकमेकींवरून ओलांडून नेतात, म्हणजे मांडी बाहेर फिरते. इथे ती जेमतेम 20 अंशांवर थांबते. उजवा आणि डावा पाय सारखेच. त्याच स्थितीत वरून मांडीची रेषा आणि पावलाची रेषा ताडून बघतात. पाऊल 8 अंश बाहेर आहे, म्हणजे नडगी जागेवर आहे. तळव्याची कडही सरळ. निष्कर्ष असा की सगळं वळण मांडीच्या हाडात आहे, पाऊल आणि नडगी बरोबर आहेत. पुढे काय, तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा मोजायचं, बूट लिहून द्यायचे नाहीत.

का नाहीत? बूट पावलाला धरतो. समजा, त्याच्या बाहेरच्या कडेला पाचर लावून पाऊल थोडं बाहेर वळवलं. ते वळण घोट्याशी थोडं मुरतं, गुडघ्याशी थोडं, आणि उरलेलं खुब्यात जिरतं, कारण खुबा हा सगळ्या बाजूंना फिरणारा सांधा आहे. मांडीच्या हाडाला पीळ देण्याइतका जोर तिथपर्यंत पोचतच नाही. एकेकाळी हा जोर पोचवण्याचाही प्रयत्न झाला. कमरेच्या पट्ट्याला तारेच्या केबली बांधून त्या खाली बुटांना जोडत आणि मुलाला ते सगळं घालून फिरायला लावत. 1973 साली फॅब्री, मॅक्युएन आणि शँड्स या डॉक्टरांनी मांडीच्या पिळावर मोठा अभ्यास छापला. त्यात अशा साधनांनी पीळ कमी झाल्याचं दिसलं नाही. पुढे स्टाहेलींनीही बुटांच्या पाचरी आणि इतर फेरफार तपासले. पावलं आत पडणं त्यांनी थांबत नाही, असंच निघालं.

मग शेजारच्या मुलाचा पाय बुटांनी सुधारला, तो कसा? हिशेब करून बघा. पीळ 40 वरून 15 अंशांवर यायला आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी दोन-तीन अंश. सहा महिने बूट घातले तरी त्या काळात हाड आपल्या चालीने फार तर अंश-दीड अंश हललेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. पण बूट दोन-तीन वर्षं बदलत बदलत घातले, तर दरम्यान मूल मोठं होतं, स्नायूंवर त्याचा ताबा येतो, हाडही उलगडत जातं, आणि श्रेय बुटांना मिळतं. बूट घालायचे नाहीत असं ठरवलेल्या मुलाचंही तेच झालं असतं, पण ते मूल शेजारी राहत नाही.

बुटांची किंमत नुसत्या पैशांतही संपत नाही. 1998 साली स्टाहेलींच्याच गटाने लहानपणी असे बूट घातलेल्या मोठ्या माणसांना गाठलं. त्या बुटांच्या आठवणी बऱ्याच जणांना कटू होत्या आणि स्वतःबद्दलचं त्यांचं मतही इतरांपेक्षा कमी होतं. ज्या उपचाराने हाड हलत नाही, त्यासाठी मुलाला वर्गात वेगळं पाडायचं का, याचा विचार बूट घेण्याआधी करायला हवा. पाय आत टाकणारे पळण्यात मागे पडतात, हा समजही तपासला गेला आहे. 1996 च्या एका अभ्यासात शाळेतल्या 50 वेगवान धावपटूंची इतर मुलांशी तुलना केली, तेव्हा धावपटूंच्या नडग्या उलट जास्त आत वळलेल्या निघाल्या.

एका इन्सोलच्या बाबतीत मात्र सरळ नाही म्हणता येत नाही. कडक प्लॅस्टिकची एक पट्टी मिळते, तिचा पुढचा भाग करंगळीच्या बाजूने लांबवलेला असतो. पाऊल उचलताना बूट जिथे वाकायला हवा ती रेषा या पट्टीमुळे तिरपी होते, आणि मूल पाऊल थोडं बाहेर टाकतं. काही अंशांचा फरक पडतो आणि अडखळणंही कमी होऊ शकतं. पण तो फरक पट्टी बुटात असेपर्यंतच टिकतो, हाड आहे तिथेच राहतं. सतत पडणाऱ्या मुलाला मैदानावर मदत म्हणून कुणी ती वापरली तर समजण्यासारखं आहे. ‘पाय सरळ होईल’ म्हणून वापरली, तर नाही.

मांडीचा पीळ फार मोठा राहिला, मूल आठ-दहा वर्षांचं होऊनही वारंवार पडतंय, चालणं खरोखर अडतंय, अशा मोजक्या मुलांत हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया करतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, नुसत्या दिसण्यासाठी करायची नाही.

इथे एक सावधानतेची सूचना आवश्यक आहे, कारण वरचं सगळं वाचून एखादी आई चुकीच्या मुलाचे बूट काढेल. जन्मतः पाऊल आत आणि खाली मुरडलेलं असणं, ज्याला क्लबफूट म्हणतात, हा अगदी वेगळा आजार आहे. त्यात पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, आणि मग दोन बूट एका आडव्या दांडीला जोडलेला ब्रेस देतात. पहिले तीन महिने तो जवळपास दिवसभर, 23 तास, आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत घालायचा असतो. इथे बुटांचं काम हाड फिरवण्याचं नाही, प्लास्टरने सरळ झालेलं पाऊल परत मुरडू न देण्याचं आहे, आणि ते काम ते चोख करतात. ब्रेस कंटाळून सोडला तर पाऊल पुन्हा वळतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही मुलांच्या पायांत ‘डॉक्टरी बूट’च दिसतात, म्हणून सल्ले एकमेकांत मिसळतात.

टाचा उचलून, चवड्यावर चालणाऱ्या मुलांचा प्रश्न आणखी निराळा आहे. चालायला शिकताना बरीच मुलं मधूनमधून तशी चालतात, आणि सांगितलं की टाच टेकतात. स्वीडनमध्ये एका भागातल्या हजाराहून जास्त मुलांची पाहणी झाली, त्यात अशी सवय असलेली, पण दुसरा कुठला आजार नसलेली 63 मुलं सापडली. साडेपाच वर्षांपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांची सवय सुटलेली होती, आणि दहाव्या वर्षापर्यंत 79 टक्क्यांची सुटली, तीही बहुतांशी कुठलाही उपचार न करता. पण याच पाहणीत स्वमग्नता किंवा विकासात मागे राहणं असलेल्या मुलांमध्ये चवड्यावर चालण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. म्हणून इथे पहिला प्रश्न ‘का’ हा असतो, बुटांचा नंबर त्यानंतर.

एकाच पायाची टाच उचलली जात असेल, तर तो पाय आखूड आहे का, खुबा जन्मतः निखळलेला राहिला होता का, हे बघावं लागतं. महिन्यांआधी जन्मलेलं मूल, पाय ताठ, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, तर मेंदूच्या लकव्याची शक्यता तपासतात. मूल आधी टाच टेकून नीट चालत होतं आणि मग चवड्यावर गेलं, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, डॉक्टरांना ती न विचारता सांगावी. विशेषतः तीन ते पाच वर्षांच्या मुलग्यात. पोटऱ्या भरदार दिसतात, जिना चढायला वेळ लागतो, आणि जमिनीवरून उठताना पोरगा आधी हात जमिनीला टेकतो, मग गुडघ्यांना, मग मांड्यांवर एकेक हात चढवत स्वतःला वर ढकलतो. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची ही खूण आहे. त्याची पहिली चाचणी साध्या रक्ताची असते. क्रिएटिन कायनेज नावाचं माप बघतात, ते या आजारात फार वाढलेलं असतं. अशा मुलाला बूट बदलून वर्ष घालवलं तर ते वर्ष वाया जातं.

यांतलं काही नसेल, तर प्रश्न उरतो पोटरीचा. वर्षानुवर्षं टाच वर राहिली की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर आखडतात, आणि मग मुलाला टाच टेकायची असूनही टेकत नाही. हे तपासायला मुलाला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच हातात धरा आणि पाऊल नडगीकडे वर वाकवा. काटकोनाच्या पुढे दहा अंश तरी ते यायला हवं. काटकोनाशीच अडलं तर पोटरी आखूड झाली आहे. मूल उकिडवं बसतं आणि टाचा टेकतात, एवढ्यावर समाधान मानू नका. उकिडवं बसताना गुडघा दुमडलेला असतो आणि पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्यावरून जात असल्यामुळे तो सैल पडतो. आखडलेला असला तरी त्या स्थितीत कळत नाही.

पोटरी आखडल्यावर आणखी एक फसवी गोष्ट घडते. टाच टेकवण्यासाठी मूल पाऊल बाहेर वळवतं आणि तळव्याची मधली कमान खाली पाडतं. बघणाऱ्याला सपाट तळवा दिसतो आणि दुकानदार कमानीखाली उंचवटा असलेला इन्सोल देतो. आखडलेल्या पोटरीखाली तो उंचवटा रुततो, दुखतो, आणि मूल बूट काढून टाकतं. हट्ट म्हणून त्याला रागावलं जातं.

या मुलांना बुटांचा थोडा उपयोग होतो. टाचेत शिट्टी असलेले, पीं-पीं वाजणारे बूट काही फिजिओथेरपिस्ट मुद्दाम वापरायला सांगतात, कारण टाच टेकली तरच आवाज येतो. नुसती सवय असलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याची मजा वाटते. आखडलेला स्नायू मात्र आवाजाने लांबत नाही. कडक तळाचे बूट चवड्यावर चढणं अवघड करतात. पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट टाच खाली धरून ठेवतो. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात स्प्लिंट पायात असेपर्यंत मुलं टाच टेकून चालली आणि तो काढल्यावर पुष्कळशी पुन्हा चवड्यावर गेली. म्हणूनच जाणकार डॉक्टर स्प्लिंट एकटा देत नाहीत. आधी पोटरी लांबवतात, रोज ताण देऊन किंवा दर एक-दोन आठवड्यांनी बदलायच्या प्लास्टरने, चार ते सहा आठवडे. मिळालेलं लांबपण टिकावं म्हणून मग स्प्लिंट देतात. प्लास्टरच्या जोडीला बोटॉक्सचं इंजेक्शन द्यावं का, हेही स्वीडनमध्ये तपासलं गेलं, आणि नुसत्या प्लास्टरपेक्षा त्याने जास्त फायदा दिसला नाही. मोठ्या मुलाची पोटरी इतक्यानेही न सुटल्यास शीर लांबवण्याची शस्त्रक्रिया असते. प्लास्टर असो की शस्त्रक्रिया, काही मुलं पुन्हा चवड्यावर जातात. हे आधीच सांगणारे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात.

दाखवायचं कुठे, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात तेव्हा त्यांनाही दाखवता येतं. क्लबफूट आणि जन्मतः निखळलेला खुबा हे त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहेत आणि पुढच्या उपचारांसाठी मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. जाताना मुलाचे जुने, झिजलेले बूट सोबत न्या. पुढचा भाग घासलेला आणि टाच कोरी असेल, तर मूल किती वेळ चवड्यावर असतं ते त्यावरून कळतं. आणि घरी, मुलाच्या नकळत, त्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ‘चालून दाखव’ म्हटलं की बहुतेक मुलं टाच टेकवून अगदी शहाण्यासारखी चालतात.